तेच अठरा टक्के

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत दोन भावांची एक छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. फाउंड्रीतून आलेली कास्टिंग्ज घ्यायची, सीएनसी आणि व्हीएमसी यंत्रांवर त्यांचं मशिनिंग करायचं आणि वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या मोठ्या कारखान्यांना माल पोहोचवायचा, असं काम. कंपनीचं नाव सांगणार नाही आणि आकडेही गोल करून घेतले आहेत, म्हणजे ताळेबंद कुणाचा हे ओळखता येऊ नये आणि हिशेब मात्र बोटांवर करता यावा.

२०२३-२४ चे हिशेब पुरे झाल्यावर थोरला भाऊ फाइल घेऊन माझ्याकडे आला. दोन वर्षांत विक्री सहा कोटींवरून बारा कोटींवर गेली होती. कर भरून उरलेला नफा ३६ लाखांवरून ५४ लाखांवर गेला होता. तरी तो खूश नव्हता. म्हणाला, "साहेब, धंदा दुप्पट झाला, नफा वाढला, परताव्याचा टक्का पण तोच आहे. मग दर महिन्याच्या सात तारखेला पगार करताना माझ्या पोटात गोळा का येतोय?"

प्रश्न अगदी नेमका होता. त्याचं उत्तर त्याच्याच हातातल्या कागदांत होतं, पण तीन तुकड्यांत विखुरलेलं.

तो ज्या टक्क्याबद्दल बोलत होता, त्याला हिशेबाच्या भाषेत रिटर्न ऑन इक्विटी म्हणतात. मालकांचा स्वतःचा जेवढा पैसा धंद्यात आहे, त्यावर वर्षाला किती टक्के कमाई झाली, एवढाच त्याचा अर्थ. मालकांचा पैसा म्हणजे भागभांडवल आणि इतक्या वर्षांत नफ्यातून काढून न घेता धंद्यातच ठेवलेली गंगाजळी. बँकेतली माणसं याला नेटवर्थ म्हणतात. २०२१-२२ च्या अखेरीस या भावांचं नेटवर्थ दोन कोटी होतं आणि नफा ३६ लाख, म्हणजे परतावा १८ टक्के. पुढच्या दोन वर्षांत ४२ आणि ५४ लाख नफा झाला, लाभांश काढला नाही, त्यामुळे नेटवर्थ २९६ लाखांवर गेलं. ५४ ला २९६ ने भागलं की १८.२ टक्के येतात. टक्का जागचा हललेला नाही.

(छापील हिशेबात त्याला १८.२ ऐवजी २०.१ दिसत होतं. कारण तिथे नफ्याला वर्षाच्या सुरुवातीच्या आणि अखेरच्या नेटवर्थच्या सरासरीने भागलेलं होतं. वाढत्या धंद्यात ही सरासरी अखेरच्या आकड्यापेक्षा लहान असते, म्हणून टक्का थोडा मोठा दिसतो. दोन्ही रीती चालतात, फक्त अर्ध्या वाटेत रीत बदलायची नाही. इथे मी सगळीकडे ३१ मार्चचे आकडे घेतो.)

आता या टक्क्याची फोड करू. ही रीत शंभर वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेतल्या ड्यू पाँट या स्फोटकं बनवणाऱ्या कंपनीत डोनाल्डसन ब्राउन नावाचा विद्युत अभियंता विक्री खात्यातून हिशेबाकडे वळला आणि १९१२ च्या सुमारास त्याने ती मांडली. विक्रीच्या प्रत्येक रुपयामागे नफा किती सुटतो आणि गुंतवलेला पैसा वर्षात किती वेळा फिरतो, या दोन आकड्यांचा गुणाकार म्हणजे गुंतवणुकीवरचा परतावा, हे त्याचं म्हणणं. जनरल मोटर्समध्ये ड्यू पाँटचा मोठा वाटा होता. १९२० च्या मंदीत ती कंपनी न खपलेल्या मालाच्या ढिगाखाली अडकली आणि १९२१ मध्ये ब्राउनला तिथे पाठवलं गेलं. तिथेही त्याने प्रत्येक विभागाकडे याच दोन आकड्यांतून पाहायला सुरुवात केली. तिसरा आकडा, म्हणजे मालकाच्या एका रुपयावर एकूण किती रुपयांचा डोलारा उभा आहे, हा पुढच्या काळात जोडला गेला. आज ड्यू पाँटची फोड म्हणतात ती या तिन्हींची.

शिरोलीच्या कंपनीचं पहिलं वर्ष घेऊ. विक्री ६०० लाख आणि नफा ३६ लाख, म्हणजे शंभर रुपयांच्या विक्रीत सहा रुपये हाती राहिले. हे मार्जिन. त्या वर्षअखेरीस यंत्रं, माल, येणं, बँकेतली शिल्लक असं सगळं मिळून ४०० लाखांची मालमत्ता होती. तिच्यावर ६०० लाखांची विक्री झाली, म्हणजे मालमत्तेचा प्रत्येक रुपया वर्षात दीड वेळा फिरला. ही उलाढाल. आणि ४०० लाखांच्या मालमत्तेत भावांचे स्वतःचे २०० लाख होते. उरलेले २०० लाख बँकेचे आणि उधारीवर माल देणाऱ्यांचे. म्हणजे स्वतःच्या एका रुपयावर दोन रुपयांची मालमत्ता उभी होती. याला लिव्हरेज म्हणतात. मी साध्या बोलण्यात त्याला पट म्हणतो, कारण तो स्वतःच्या पैशाच्या किती पट हे सांगतो.

६ टक्के × १.५ × २ = १८ टक्के.

हा गुणाकार जुळतोच, त्यात जादू काही नाही. नफ्याला विक्रीने भागलं, विक्रीला मालमत्तेने, मालमत्तेला नेटवर्थने. मधली विक्री आणि मधली मालमत्ता एकमेकांना छाटून जातात आणि उरतो नफा भागिले नेटवर्थ. उपयोग आहे तो छाटण्याआधी थांबून पाहण्यात.

आता तिसरं वर्ष. विक्री १२०० लाख आणि नफा ५४ लाख, मार्जिन ४.५ टक्के. मालमत्ता ९६० लाख, उलाढाल १.२५ वेळा. नेटवर्थ २९६ लाख, पट ३.२४.

४.५ टक्के × १.२५ × ३.२४ = १८.२ टक्के.

टक्का तोच आहे. पण धंदा जे दोन आकडे स्वतःच्या कर्तबगारीवर मिळवतो, ते मार्जिन आणि उलाढाल, दोन्ही घसरले आहेत. वाढला आहे तो फक्त तिसरा, म्हणजे दुसऱ्यांच्या पैशाचा भार. पहिल्या वर्षातला २ चा पट तसाच ठेवून नवं मार्जिन आणि नवी उलाढाल यांचा गुणाकार केला, तर उत्तर ११.२५ टक्के येतं. अठरापर्यंतची उरलेली भर कर्जदारांच्या आणि पुरवठादारांच्या पैशावर पडली आहे. थोरल्याच्या पोटातला गोळा तिथला होता.

इथे कायद्याबद्दल थोडं सांगायला हवं. कंपनी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि तेव्हापासून लहान कंपन्यांनाही हिशेबाच्या टिपांमध्ये अकरा गुणोत्तरं छापावी लागतात. एखादं गुणोत्तर मागच्या वर्षापेक्षा २५ टक्क्यांहून जास्त बदललं तर कारण द्यावं लागतं. नियम चांगला आहे. पण या कंपनीच्या इक्विटीवरच्या परताव्यात वर्षागणिक तेवढा बदल कधीच झाला नाही, म्हणून त्या ओळीपुढचा कारणाचा रकाना कोराच राहिला. कर्ज आणि नेटवर्थ यांचं गुणोत्तर मात्र झपाट्याने वाढलं होतं आणि त्यापुढे 'नवीन यंत्रांसाठी मुदत कर्ज घेतल्यामुळे' असं एका ओळीचं कारण होतं. एका रकान्यात कोरी जागा, दुसऱ्यात एक ओळ, आणि त्या दोन ओळी एकमेकींबद्दल काय सांगतात हे कुणी विचारलेलं नाही. गुणाकार करून पाहिल्याशिवाय ते दिसतही नाही.

तिन्ही आकडे घसरले किंवा वाढले, एवढं कळून भागत नाही. प्रत्येक का हलला हे शोधलं पाहिजे, आणि शोधायला लागलं की कळतं, हे तीन आकडे आपापल्या वाटेने जात नाहीत. एकाला ओढलं की दुसरा हलतो.

आधी उलाढाल पाहू, कारण माझ्या मते या कंपनीचं दुखणं तिथून सुरू झालं. मालमत्ता ४०० वरून ९६० लाखांवर गेली. कुठे गेली? यंत्रं आणि शेड १५० वरून ३४० लाख. कच्चा आणि तयार माल ७० वरून १७० लाख. ग्राहकांकडून येणं १२० वरून ३४० लाख. बाकी, म्हणजे बँकेतली शिल्लक, अनामती, जीएसटीचं क्रेडिट वगैरे, ६० वरून ११०.

यंत्रांचा आकडा वाढला याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. पहिल्या वर्षातले १५० लाख हे जुन्या यंत्रांचे घसारा वजा करून उरलेले होते. दहा वर्षं वापरलेलं यंत्र पुस्तकात अगदी थोड्या किमतीला असतं, पण काम पूर्ण देतं. त्यामुळे जुन्या यंत्रांच्या कंपनीची उलाढाल नेहमीच देखणी दिसते. नवी व्हीएमसी आजच्या भावाने पुस्तकात येते आणि पहिलं वर्ष-दीड वर्ष पूर्ण भरत नाही. यंत्रांच्या एका रुपयावर आधी चार रुपयांची विक्री होत होती, आता साडेतीन रुपयांची होते. यंत्रं भरतील तशी ती सुधारेल. उलाढाल कमी झाली की लगेच कारभार बिघडला असं म्हणू नये, ते याचसाठी.

येण्याची गोष्ट मात्र वेगळी होती. आधी १२० लाख येणं म्हणजे विक्रीचे ७३ दिवस. आता ३४० लाख म्हणजे १०३ दिवस. (हे दिवस जरा फुगलेले असतात, कारण येण्यात जीएसटी धरलेला असतो आणि विक्रीत नसतो. पण दोन्ही वर्षांत सारखेच फुगलेले, म्हणून तुलनेला बाध येत नाही.) विक्री दुप्पट झाली, तर येणं दुप्पट होऊन २४० लाख व्हायला हवं होतं. वरचे १०० लाख रुपये ग्राहकांनी हातचे ठेवून घेतले होते. नव्या मोठ्या ऑर्डरबरोबर नव्वद दिवसांची उधारी आली होती आणि ते नव्वद दिवस बिलाच्या तारखेपासून नव्हे, तर मालाची तपासणी होऊन पावती निघाल्यापासून मोजले जात होते.

लघुउद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं असं २००६ चा एमएसएमई विकास कायदा सांगतो. कंपनीकडे उद्यम नोंदणीही होती. मी विचारलं तर थोरला म्हणाला, "कायदा दाखवला तर पुढची ऑर्डर दुसऱ्याला जाईल." ही भीती खरी आहे आणि तिच्यावर मी त्याला उपदेश करू शकत नव्हतो. पण त्या भीतीची किंमत किती, हे मोजता येत होतं.

ती किंमत मार्जिनमध्ये होती. मार्जिन ६ वरून ४.५ टक्के झालं, तेव्हा भावांचा पहिला अंदाज असा की मोठ्या ग्राहकाने दर पाडून घेतला. तेही झालं होतं, पण थोडं. व्याज आणि कर वजा करण्यापूर्वीचा नफा पहिल्या वर्षी ६० लाख होता, म्हणजे विक्रीच्या १० टक्के. तिसऱ्या वर्षी ११२ लाख, म्हणजे ९.३ टक्के. दुकानात, यंत्रावर, दरात जे काही घसरलं ते एवढंच, शंभराला पाऊण रुपयाहूनही कमी. व्याज मात्र १२ लाखांवरून ४० लाखांवर गेलं होतं. विक्रीच्या २ टक्क्यांवरून ३.३ टक्क्यांवर. सुमारे २५ टक्के कर वजा केला की दीड टक्क्याच्या घसरणीतला अर्धा टक्का दराचा आणि खर्चाचा, आणि एक टक्का निव्वळ व्याजाचा निघतो.

म्हणजे क्रम असा होता. ग्राहकाने पैसे उशिरा दिले म्हणून येणं वाढलं आणि उलाढाल मंदावली. येण्यात अडकलेला पैसा कॅश क्रेडिट खात्यातून उचलला, कॅश क्रेडिट ६० लाखांवरून १८० लाखांवर गेलं, म्हणून पट वाढला. त्या उचलीवर व्याज चढलं, म्हणून मार्जिन घसरलं. तीन आकडे, पण दुखणं एकच. मार्जिन घसरलं म्हणून भाऊ दर वाढवून मागायच्या तयारीत होते. यंत्रावरच्या कामगारांच्या ओव्हरटाइमला कात्री लावायचंही चाललं होतं. दोन्हींनी मुळाला हात लागला नसता.

पट वाढणं हे नेहमीच वाईट का? नाही. दुसऱ्याचा पैसा घेऊन धंदा वाढवणं यात गैर काही नाही, फक्त एक अट आहे. त्या पैशावर धंदा जे कमावतो ते व्याजाच्या दरापेक्षा जास्त असलं पाहिजे. पहिल्या वर्षी ४०० लाखांच्या मालमत्तेवर व्याजापूर्वी ६० लाख सुटत होते, म्हणजे १५ टक्के. बँकेचं व्याज साधारण ११ टक्के होतं. उचललेल्या प्रत्येक शंभर रुपयांमागे मालकाला चार रुपये सुटत होते. तिसऱ्या वर्षी ९६० लाखांवर ११२ लाख, म्हणजे ११.७ टक्के. आता शंभरामागे रुपयाही सुटत नाही. पुरवठादारांची उधारी बिनव्याजी असल्यामुळे टक्का अजून तगून होता. बँकेच्या पैशाने मात्र कंपनीला काही मिळणं जवळजवळ थांबलं होतं आणि जोखीम पूर्ण राहिली होती.

ती जोखीम किती? समजा, एका वर्षी मंदी आली आणि व्याजापूर्वीचा नफा निम्म्यावर आला. पहिल्या वर्षाच्या रचनेत ६० चे ३० झाले असते, १२ लाख व्याज आणि कर देऊन साडेतेरा लाख उरले असते. तिसऱ्या वर्षाच्या रचनेत ११२ चे ५६ होतील, ४० लाख व्याज द्यावं लागेल, आणि कर भरून हाती १२ लाख राहतील. बारा कोटींच्या कंपनीला सहा कोटींच्या कंपनीपेक्षा कमी. आणि मुदत कर्जाचे १९० लाखांचे हप्ते याच पैशातून आणि घसाऱ्याच्या रकमेतून फेडायचे आहेत, ते नफ्यातोट्याच्या पत्रकात दिसतही नाहीत.

इथवरचा हिशेब मोठ्या कंपनीलाही तसाच लागू पडला असता. छोट्या घरगुती कंपनीच्या कागदांत मात्र आणखी काही गोष्टी दडलेल्या असतात आणि त्या सरळ केल्याशिवाय ही फोड फसवते. या कंपनीत मला अशा तीन दिसल्या.

पहिली, संचालकांनी दिलेलं बिनतारण कर्ज. ताळेबंदात ६० लाख रुपये भावांनीच कंपनीला दिलेले होते, शेत विकून आलेले. कागदावर ते कर्ज आहे, म्हणून ते पट वाढवतं. पण खरं पाहता ते त्यांचंच भांडवल. बँकही सहसा कर्ज फिटेपर्यंत ही रक्कम काढणार नाही असं लिहून घेते आणि मग तिला नेटवर्थजवळ धरते. मीही तसंच केलं. नेटवर्थ ३५६ लाख झालं, पट २.७ वर आला. पण मग त्या कर्जावर भावांना दिलेलं ७.२ लाखांचं व्याजही खर्च राहत नाही, ते नफ्यात परत धरायला हवं. कर वजा करून नफा ५९.४ लाख होतो आणि परतावा १६.७ टक्के. बरेच जण पट दुरुस्त करतात आणि व्याज विसरतात, मग उत्तर उगाच जास्त वाईट येतं.

दुसरी गोष्ट भावांचे पगार. दोघं मिळून वर्षाला १८ लाख घेत होते. थोरला विक्री आणि वसुली पाहतो, धाकटा सकाळी सातपासून शॉपवर असतो. ही दोन कामं करायला बाहेरची माणसं ठेवली असती तर ३० लाखांच्या आत भागलं नसतं. म्हणजे १२ लाखांची मेहनत ते कंपनीला फुकट देत होते आणि ती नफा म्हणून दिसत होती. तेवढा खर्च धरला तर करोत्तर नफा ४५ लाख आणि मार्जिन ३.७५ टक्के. उलटही पुष्कळदा असतं. कर वाचवण्यासाठी घरातल्या चार जणांच्या नावे पगार काढलेले असतात आणि चांगल्या धंद्याचं मार्जिन मरतुकडं दिसतं. म्हणून घरगुती कंपनीचं मार्जिन पाहताना माझा पहिला प्रश्न नेहमी पगारांचा असतो.

तिसरी गोष्ट त्यांची जुनी शेड. ती वडिलांच्या नावावर आहे आणि कंपनी नाममात्र भाडं देते. शेडची किंमत ताळेबंदात नाही म्हणून उलाढाल चांगली दिसते, आणि भाडं बाजारभावाने नाही म्हणून मार्जिनही. एकाच गोष्टीने दोन आकडे गोंडस होतात. याचा आकडा मी काढला नाही, फक्त कागदाच्या कडेला नोंद केली.

आणखी एक सावधगिरी. हे तीन आकडे दुसऱ्या धंद्याशी ताडून पाहायचे नसतात. कोल्हापूरच्या बाजारात गुळाचा घाऊक व्यापार करणारा माणूस शंभराला अगदी थोडं कमावतो, पण पैसा वर्षात कितीतरी वेळा फिरवतो. मशिनिंगच्या कारखान्यात यंत्रांत पैसा रुतलेला असतो, तिथे पैसा सावकाशच फिरणार, म्हणून मार्जिन जास्त लागतं. मशिनिंगवाल्याने स्वतःची तुलना मशिनिंगवाल्याशी करावी, आणि त्याहून बरं म्हणजे स्वतःच्याच मागच्या वर्षांशी. ३१ मार्चच्या फोटोवरही फार विसंबू नये. मार्चअखेर माल ढकलून विक्री फुगवलेली असेल, किंवा पुरवठादारांचे चेक दोन एप्रिलला काढायचे म्हणून थांबवलेले असतील, तर पट आणि उलाढाल दोन्ही त्या एका दिवसापुरती वेगळी दिसतात. कॅश क्रेडिटसाठी बँकेला दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यावं लागतं. त्यातले बारा महिन्यांचे माल आणि येण्याचे आकडे काढले की खरं चित्र दिसतं. इथे ते मार्चपेक्षा फार वेगळं नव्हतं.

मग मी भावांसमोर एक हिशेब मांडला. अडकलेले १०० लाख वसूल झाले आणि ते कॅश क्रेडिटमध्ये भरले असं धरा. मालमत्ता ८६० लाखांवर येते. वर्षाचं व्याज सुमारे १० लाखांनी कमी होतं, करोत्तर नफा साडेएकसष्ट लाख होतो. मार्जिन ५.१ टक्के, उलाढाल १.४ वेळा, पट २.८३.

गुणाकार २०.३ टक्के.

कर्ज कमी झालं आणि परतावा वाढला. एकही नवी ऑर्डर नाही, एकही नवं यंत्र नाही, दरात एका पैशाची वाढ नाही. धाकटा, जो तोवर गप्प होता, तो पुढे सरकून बसला. म्हणाला, "म्हणजे आपण ग्राहकाला माल विकतोय आणि वरून कर्जही देतोय."

वसुलीचे मार्ग त्यांना माहीत होतेच. मी एकच सुचवला, टीआरईडीएस. रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने चालणारी ही व्यवस्था आहे. ग्राहकाने बिल मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात आणि लघुउद्योगाला काही दिवसांतच, थोडा वटाव कापून, पैसे मिळतात. ग्राहकाने पुढे पैसे बुडवले तर बँक विक्रेत्याच्या मागे येत नाही, त्यामुळे ते येणं ताळेबंदातून खरोखर निघून जातं. नेहमीच्या बिल डिस्काउंटिंगमध्ये तसं होत नाही, तिथे बोजा विक्रेत्यावर राहतोच. केंद्र सरकारने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये २५० कोटींपेक्षा जास्त उलाढालीच्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची केली. नोंदणी म्हणजे बिल मान्य करणं नव्हे, पण निदान मागायला तोंड राहतं, आणि कायद्याची नोटीस पाठवण्यापेक्षा ते सोपं जातं.

पण त्याआधी मी त्यांना त्याच हिशेबातलं आणखी एक पान उघडायला सांगितलं. २०२१ च्या दुरुस्तीने गुणोत्तरांबरोबर आणखी एक तक्ता सक्तीचा केला आहे, येणं किती जुनं आहे याचा. या कंपनीच्या ३४० लाखांपैकी २७० लाख सहा महिन्यांच्या आतले होते. ३८ लाख सहा महिने ते एक वर्ष. आणि ३२ लाख वर्षाहून जुने.

"हे ३२ कशाचे?"

थोरल्याने धाकट्याकडे पाहिलं. रिजेक्शनचे होते. ग्राहकाने कास्टिंगमध्ये सच्छिद्रता निघाली म्हणून डेबिट नोटा काढल्या होत्या. भावांचं म्हणणं, दोष फाउंड्रीचा, मशिनिंगचा नव्हे. फाउंड्रीचं म्हणणं, माल घेताना का नाही तपासला. त्या नोटा कंपनीने पुस्तकात घेतल्याच नव्हत्या, कारण घेतल्या की नफा कमी होणार आणि बँकेत मर्यादा वाढवून घ्यायची होती. म्हणजे मी वसूल होतील म्हणून धरलेल्या शंभरातले बत्तीस बहुधा येणारच नव्हते, आणि ते बत्तीस १८ टक्क्यांमध्ये मात्र नफा म्हणून बसलेले होते.

मी पेन्सिलने वजाबाकी केली. करापूर्वीचा नफा ७२ चा ४० लाख, कर देऊन ३० लाख. नेटवर्थ २७२ लाख. परतावा ११ टक्के.

थोरल्याने तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि धाकट्याला रिजेक्शनच्या तपासणीचे अहवाल काढायला सांगितले, तारखेनुसार, फाउंड्रीच्या हीट नंबरसकट. सोमवारी दोघंही आधी फाउंड्रीत जाणार होते आणि मग ग्राहकाच्या खरेदी विभागात.